मोटारसायकलची बदली बॅटरी

मोटारसायकलसोबत आलेली मूळ बॅटरी निकामी झाल्यावर तिच्या जागी बसवल्या जाणाऱ्या नव्या बॅटरीस बदली बॅटरी म्हणतात. भारतीय बाजारपेठेत यासाठी तीन प्रकार उपलब्ध आहेत: पाणी भरावी लागणारी पारंपरिक शिसे-आम्ल बॅटरी, सीलबंद देखभालमुक्त शिसे-आम्ल बॅटरी आणि लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी. त्यांची किंमत, आयुष्य व चार्जिंगची गरज यांत मोठा फरक असतो. मात्र कोणता प्रकार योग्य ठरेल, हे वाहन रोज चालते की बराच काळ उभे राहते, यावर बरेचसे अवलंबून असते. प्रस्तुत लेखात सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनारपट्टीवरील, विशेषतः मालवण परिसरातील परिस्थितीच्या संदर्भात या तिन्ही प्रकारांची तुलना केली आहे.

## पार्श्वभूमी

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळा झाला. जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी ३,००० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. किनाऱ्यावरची हवा बाराही महिने दमट व खारी असते. येथील अनेक कुटुंबांचे सदस्य नोकरीधंद्यानिमित्त मुंबईत राहतात. हे चाकरमानी गणेशोत्सव, शिमगा व मे महिन्याची सुट्टी अशा ठरावीक काळातच गावी येतात. त्यामुळे गावातील घराच्या पडवीत किंवा खोपीत ठेवलेली मोटारसायकल एका वेळी कित्येक महिने उभी राहते.

बॅटरी निकामी होण्याची कारणे या परिस्थितीशी थेट जोडलेली आहेत. शिसे-आम्ल बॅटरी वापरात नसतानाही हळूहळू आपोआप उतरते. ती उतरत असताना पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचा थर जमतो. बॅटरी लवकर चार्ज झाली तर हा थर पुन्हा विरघळतो. ती उतरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे राहिली, तर त्याचे कठीण स्फटिक बनतात आणि नंतर कितीही चार्ज केले तरी ते पूर्णपणे विरघळत नाहीत. या प्रक्रियेस सल्फेशन म्हणतात. तापमान वाढले की आपोआप उतरण्याचा वेगही वाढतो. ढोबळमानाने प्रत्येक १० अंश सेल्सिअस वाढीस तो दुप्पट होतो. म्हणून उष्ण किनाऱ्यावर उभ्या राहिलेल्या वाहनाची बॅटरी तुलनेने लवकर खराब होते.

बॅटरीवरील भारही मागील काही वर्षांत वाढला आहे. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालू असताना सतत पेटता राहील, अशी रचना बंधनकारक झाली. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकांमुळे बहुतेक नव्या मोटारसायकलींमध्ये कार्ब्युरेटरच्या जागी इंधन अंतःक्षेपण प्रणाली आली. या प्रणालीतील इंधन पंप व नियंत्रण संगणक विजेवर चालतात. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्या बॅटरी उतरली तरी बहुधा किक मारून सुरू होत. अंतःक्षेपण असलेली गाडी बॅटरी पूर्ण उतरल्यास किक मारूनही सुरू होईलच असे नाही, आणि अनेक मॉडेलना किकच नसते.

## बदलण्यापूर्वीची तपासणी

गाडी सुरू होत नाही म्हणजे बॅटरीच गेली, असे नसते. चार्जिंग यंत्रणेत दोष असेल, तर नवी बॅटरीही काही आठवड्यांत उतरते किंवा जळते. म्हणून खरेदीपूर्वी साध्या डिजिटल मल्टिमीटरने तीन मोजमापे घेतली जातात.

पहिले मोजमाप स्थिर व्होल्टेजचे असते. गाडी बंद करून काही तास गेल्यावर ते घेतात. शिसे-आम्ल बॅटरीत प्रत्येकी सुमारे २.१ व्होल्टचे सहा घट असतात, त्यामुळे पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. १२.२ व्होल्टच्या आसपास ती साधारण अर्धी उरलेली असते आणि १२ व्होल्टखाली ती जवळजवळ उतरलेली असते. रात्रभर चार्ज करूनही व्होल्टेज १०.५ च्या आसपासच अडकत असेल, तर सहापैकी एक घट मेलेला असण्याची शक्यता मोठी असते. अशी बॅटरी बदलण्याखेरीज उपाय नसतो.

दुसरे मोजमाप सेल्फ मारताना घेतात. पूर्ण चार्ज केलेल्या बॅटरीचे व्होल्टेज स्टार्टर फिरत असताना साधारण ९.५ च्या खाली जाऊ नये. स्थिर स्थितीत १२.७ दाखवणारी बॅटरी स्टार्टरचे बटण दाबताच ७ किंवा ८ व्होल्टवर कोसळत असेल, तर तिची क्षमता संपलेली असते. मात्र टर्मिनल गंजलेले असतील तरी स्टार्टर मंद फिरतो. अशा वेळी बॅटरीच्या खांबांवर व्होल्टेज चांगले दिसते, पण ते स्टार्टरपर्यंत पोहोचत नाही. खाऱ्या हवेत हा प्रकार वारंवार घडतो, म्हणून टर्मिनल घासून स्वच्छ केल्यावरच हे मोजमाप विश्वसनीय ठरते.

तिसरे मोजमाप इंजिन चालू ठेवून घेतात. मिनिटाला सुमारे ३,००० ते ४,००० फेऱ्यांच्या वेगावर बॅटरीच्या टोकांमध्ये १३.८ ते १४.६ व्होल्ट मिळणे अपेक्षित असते. ते १३.५ च्या खाली राहिल्यास स्टेटर, रेग्युलेटर-रेक्टिफायर किंवा त्यांच्या जोडण्यांमध्ये दोष असतो. ते १५ च्या वर गेल्यास रेग्युलेटर बिघडलेला असतो. अशा गाडीत पारंपरिक बॅटरीचे पाणी झपाट्याने कमी होते, सीलबंद बॅटरी फुगते आणि लिथियम बॅटरीला धोका निर्माण होतो. दोष दुरुस्त केल्याशिवाय कोणतीही नवी बॅटरी बसवणे व्यर्थ ठरते.

## प्रकार

### पारंपरिक बॅटरी

शिसे-आम्ल बॅटरीचा शोध फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये लावला. आजच्या पारंपरिक बॅटरीचे मूलतत्त्व तेच आहे. शिशाच्या पट्ट्या पातळ गंधकाम्लात बुडालेल्या असतात आणि प्रत्येक घटाला स्वतंत्र झाकण असते. चार्ज होताना पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन बाहेर पडतात, त्यामुळे पाण्याची पातळी कमी होत जाते. ही पातळी बाहेरील दोन रेषांच्या दरम्यान राखावी लागते. खालच्या रेषेखाली उघड्या पडलेल्या पट्ट्यांचा भाग कायमचा निकामी होतो.

भरण्यासाठी केवळ डिस्टिल्ड वॉटर वापरले जाते. विहिरीच्या पाण्यात क्षार व लोह असते. किनाऱ्यालगतच्या विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते, तेव्हा त्यात क्लोराइडही वाढते. असे पाणी घातल्यास बॅटरी आतून लवकर उतरू लागते आणि पट्ट्यांची झीज होते. पातळी कमी झाली म्हणून आम्ल घालणे हीदेखील चूक ठरते, कारण उडून गेलेले असते ते पाणी. आम्ल आतच राहिलेले असते.

या बॅटरीला आम्लाची वाफ बाहेर नेणारी रबरी नळी असते. ती चॅसिसच्या खालपर्यंत सोडलेली असावी लागते. नळी दबली किंवा निसटली, तर वाफ आजूबाजूच्या लोखंडावर बसते. खाऱ्या हवेच्या जोडीने ती टर्मिनल व बॅटरीपेटी फार लवकर खाते. टर्मिनलवर पांढरी किंवा निळसर-हिरवी भुकटी दिसणे हे त्याचे लक्षण होय.

या प्रकाराची किंमत सर्वांत कमी असते. नीट देखभाल केल्यास ती दोन ते तीन वर्षे चालते. मात्र न वापरता ठेवल्यास ती दरमहा सुमारे १० टक्के उतरते आणि उष्ण हवेत त्याहून अधिक. ती उभीच ठेवावी लागते, कारण कलंडल्यास आम्ल सांडते. तिचा मोठा गुण म्हणजे चार्जिंगमधील सहनशीलता. व्होल्टेज थोडे वरखाली झाले तरी ती निभावून नेते आणि उडालेले पाणी पुन्हा भरता येते.

### सीलबंद देखभालमुक्त बॅटरी

या प्रकारातही शिसे व गंधकाम्लच असते. परंतु आम्ल मोकळे न राहता काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेले असते. या रचनेला एजीएम म्हणतात, तर बाजारात तिला सामान्यतः एमएफ बॅटरी म्हणून ओळखले जाते. चार्ज होताना तयार झालेला ऑक्सिजन आतच पुन्हा पाण्यात रूपांतरित होतो, त्यामुळे पाणी भरावे लागत नाही. आतील दाब मर्यादेबाहेर गेल्यास तो सोडण्यासाठी झडप असते. झाकण एकदा बसवल्यावर ते उघडायचे नसते.

चटईने पट्ट्या घट्ट धरल्या असल्यामुळे खडबडीत रस्त्यांवरील हादऱ्यांनी त्यांवरील पदार्थ सहसा झडत नाही. पट्ट्यांमध्ये कॅल्शियमयुक्त शिसे वापरलेले असल्यामुळे ही बॅटरी आपोआप उतरण्याचा वेग कमी असतो. तो साधारण दरमहा ३ ते ४ टक्के धरता येतो. ती पारंपरिक बॅटरीपेक्षा थोडी महाग असते, पण योग्य चार्जिंग मिळाल्यास तीन ते चार वर्षे चालते.

तिची मर्यादा जास्त व्होल्टेजबाबत आहे. १४.८ व्होल्टच्या वर दीर्घकाळ चार्ज झाल्यास झडप उघडते आणि आतील ओलावा निघून जातो. तो परत भरता येत नाही, त्यामुळे क्षमता कायमची घटते. ‘देखभालमुक्त’ या शब्दाचा अर्थ पाणी भरण्यापासून मुक्ती एवढाच आहे. टर्मिनलची स्वच्छता आणि उभ्या वाहनातील बॅटरी वेळोवेळी चार्ज करणे याही प्रकारात टळत नाही.

### लिथियम बॅटरी

मोटारसायकलच्या स्टार्टरसाठी वापरल्या जाणाऱ्या लिथियम बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेट या रसायनावर आधारित असतात. या पदार्थाचा घटातील वापर १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकी शास्त्रज्ञ जॉन गुडइनफ यांच्या गटाने पुढे आणला. प्रत्येकी ३.२ व्होल्टचे चार घट जोडून १२.८ व्होल्ट मिळतात. पूर्ण चार्ज बॅटरी स्थिर अवस्थेत १३.३ व्होल्टच्या आसपास दाखवते. यामुळे शिसे-आम्ल बॅटरीचे मोजमाप येथे लावल्यास फसगत होते. १२.८ व्होल्ट म्हणजे शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण भरलेली असते, तर लिथियम बॅटरी बरीच उतरलेली असते.

तिचे वजन शिशाच्या बॅटरीच्या निम्म्याहूनही कमी असते, स्टार्टरला ती जोमदार प्रवाह देते आणि सहा ते आठ वर्षे टिकू शकते. आम्ल नसल्यामुळे गंज वाढवणारी वाफही निघत नाही. गोठणबिंदूच्या आसपासच्या थंडीत ती मंदावते, परंतु कोकण किनाऱ्यावर अशी थंडी पडत नसल्याने हा दोष येथे जाणवत नाही. किंमत मात्र सीलबंद बॅटरीच्या तिप्पट किंवा त्याहून अधिक असते.

खरेदीत सर्वाधिक गोंधळ क्षमतेच्या आकड्यावरून होतो. काही लिथियम बॅटरींवर ‘समतुल्य’ अँपिअर-तास छापलेले असतात. समतुल्य म्हणजे स्टार्टर फिरवण्यात ती कोणत्या शिसे-आम्ल बॅटरीची बरोबरी करते, एवढेच. आत प्रत्यक्षात साठणारी वीज त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीच असू शकते. रोज चालणाऱ्या गाडीत याने फरक पडत नाही. उभ्या राहणाऱ्या गाडीत मात्र हाच आकडा निर्णायक ठरतो.

चार्जिंगबाबत ही बॅटरी काटेकोर आहे. १४ ते १४.६ व्होल्ट ही तिला मानवणारी कक्षा आहे. त्यासाठी रेग्युलेटर सुस्थितीत असणे अनिवार्य ठरते. बाहेरून चार्ज करताना लिथियमसाठी बनवलेला चार्जर लागतो. शिसे-आम्ल बॅटरीसाठीच्या ज्या चार्जरमध्ये सल्फेशन घालवण्याकरिता उच्च व्होल्टेजचे स्पंद देण्याची सोय असते, ते येथे वापरत नाहीत. चांगल्या बॅटरीत जास्त चार्ज होणे व पूर्ण उतरणे रोखणारी संरक्षक यंत्रणा असते. ती नसलेली बॅटरी एकदा पूर्ण उतरली की बहुधा कायमची निकामी होते, आणि अशी बॅटरी पुन्हा चार्ज करणे धोकादायक असते.

## उभ्या वाहनाचा हिशेब

किल्ली बंद असतानाही घड्याळ, नियंत्रण संगणक किंवा नंतर बसवलेला अलार्म व जीपीएस ट्रॅकर थोडी वीज घेत असतात. हा प्रवाह मिलिअँपिअरमध्ये असतो, त्यामुळे तो नगण्य वाटतो. परंतु १ मिलिअँपिअर प्रवाह ३० दिवसांत ०.७२ अँपिअर-तास वीज संपवतो. मोटारसायकलची बॅटरी मुळात लहान असल्यामुळे ही गळती महत्त्वाची ठरते.

उदाहरणादाखल, गणेशोत्सवानंतर मालवणजवळच्या घरी ठेवलेली आणि शिमग्यालाच पुन्हा काढली जाणारी मोटारसायकल घेता येईल. हा काळ सुमारे सहा महिन्यांचा आहे. गाडीला ५ अँपिअर-तासांची बॅटरी लागते आणि बंद अवस्थेत ती २ मिलिअँपिअर प्रवाह घेते, असे मानले आहे. म्हणजे दरमहा १.४४ अँपिअर-तास गाडीकडून खर्च होतात. त्यात बॅटरी आपोआप उतरण्याचे प्रमाण मिळवावे लागते. लिथियम बॅटरी ‘६ अँपिअर-तास समतुल्य’ असून तिची खरी क्षमता २ अँपिअर-तास धरली आहे, आणि ती दरमहा सुमारे २ टक्के उतरते असे मानले आहे.

| प्रकार | जोडलेली ठेवल्यास पूर्ण उतरण्यास लागणारा काळ | ऋण वायर सोडल्यास सहा महिन्यांनी उरणारा चार्ज |
|---|---|---|
| पारंपरिक | सुमारे अडीच महिने | सुमारे ४० टक्के |
| सीलबंद | सुमारे तीन महिने | सुमारे ७५ टक्के |
| लिथियम | सुमारे ४० दिवस | सुमारे ८८ टक्के |

या आकड्यांवरून दोन गोष्टी दिसतात. पहिली म्हणजे बॅटरी जोडलेली ठेवल्यास तिन्हींपैकी एकही प्रकार सहा महिने टिकत नाही. सर्वांत महाग लिथियम बॅटरी तर सर्वांत आधी उतरते, कारण तिच्यात प्रत्यक्ष साठा कमी असतो. शिशाच्या दोन्ही बॅटरी तीन महिन्यांत उतरून उरलेले तीन महिने रिकाम्या अवस्थेत पडून राहतात आणि याच काळात त्यांचे सल्फेशन पक्के होते. दुसरी गोष्ट म्हणजे ऋण वायर सोडून ठेवल्यास चित्र पूर्ण बदलते. सीलबंद बॅटरी शिमग्याला सुमारे १२.४ व्होल्टवर असते आणि बहुधा पहिल्याच प्रयत्नात गाडी सुरू करते. पारंपरिक बॅटरी मात्र वायर सोडूनही निम्म्याखाली उतरते, म्हणून तिला मधे एकदा तरी चार्ज करावे लागते.

गाडी उभी असताना शेजाऱ्याने आठवड्यातून एकदा पाच मिनिटे ती सुरू करून ठेवावी, अशी पद्धत अनेक ठिकाणी आढळते. तिचा उपयोग मर्यादित आहे. वरील गाडी आठवड्यात सुमारे ०.३४ अँपिअर-तास खर्च करते आणि सेल्फ मारण्यास आणखी थोडी वीज लागते. हे भरून काढण्यास निव्वळ १ अँपिअर दराने २० ते २५ मिनिटे चार्जिंग लागते. जागेवर मंद गतीने चालणाऱ्या इंजिनातून, तेही पुढचा दिवा सतत पेटता असताना, एवढा निव्वळ प्रवाह बॅटरीपर्यंत सहसा पोहोचत नाही. पाच मिनिटे गाडी सुरू करण्याऐवजी अर्धा तास रस्त्यावर चालवणे किंवा वायर सोडून ठेवणे अधिक परिणामकारक असते.

बॅटरीला कायम जोडून ठेवायचा स्वयंचलित चार्जर हा उपाय शहरात सोयीचा असतो. कुलूपबंद घराचा मुख्य स्विच जाताना बंद करण्याची पद्धत आणि पावसाळ्यातील वीजखंड यांमुळे गावातील बंद घरात तो क्वचितच वापरता येतो.

## खर्चाची तुलना

किमती वेळोवेळी व क्षमतेनुसार बदलत असल्याने येथे केवळ हिशेबासाठी ५ अँपिअर-तास वर्गातील पारंपरिक बॅटरी १,२०० रुपये, सीलबंद १,५०० रुपये आणि लिथियम ५,००० रुपये अशा किमती धरल्या आहेत. आयुष्य अनुक्रमे अडीच, साडेतीन व सात वर्षे मिळाल्यास वार्षिक खर्च अनुक्रमे ४८० रुपये, सुमारे ४३० रुपये आणि सुमारे ७१५ रुपये येतो. याचा अर्थ दुप्पट आयुष्य मिळूनही लिथियम बॅटरी स्वस्त पडत नाही. कमी वजन व जोमदार स्टार्टिंग यांना महत्त्व असेल तरच तिचा जादा खर्च समर्थनीय ठरतो.

निष्काळजीपणाने उभ्या ठेवलेल्या गाडीत हाच हिशेब वेगळा होतो. बॅटरी दर वर्षी निकामी होत असेल, तर वार्षिक खर्च म्हणजे तिची पूर्ण किंमतच. तेव्हा पारंपरिक बॅटरीत १,२०० रुपये जातात, तर संरक्षक यंत्रणा नसलेल्या लिथियम बॅटरीत ५,००० रुपये जातात. जास्त पैसे मोजून घेतलेला प्रकार निष्काळजीपणाची भरपाई करत नाही. उलट नुकसान वाढवतो.

मालवणहून कुडाळला, म्हणजे सुमारे ३० किलोमीटर अंतरावर, रोज ये-जा करणाऱ्या गाडीला दररोज पुरेसे चार्जिंग मिळते. अशा गाडीत आपोआप उतरण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तेथे निवड देखभालीच्या तयारीवर ठरते: दर महिन्याला पाण्याची पातळी पाहणाऱ्याला पारंपरिक बॅटरी पुरते, अन्यथा सीलबंद बॅटरी सोयीची पडते. बाजारपेठेत दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारणारी गाडी मात्र रोज वापरात असूनही कमी चार्ज राहते, कारण प्रत्येक सुरुवातीला खर्च झालेली वीज एवढ्या अंतरात पूर्ण भरून निघत नाही. अशा गाडीची बॅटरी महिन्यातून एकदा बाहेरून पूर्ण चार्ज केल्यास तिचे आयुष्य वाढते.

## खरेदी व बसवणे

नवी बॅटरी व्होल्टेज, क्षमता, लांबी-रुंदी-उंची आणि धन टर्मिनलची बाजू या चार बाबतींत जुन्या बॅटरीशी जुळावी लागते. धन टर्मिनल विरुद्ध बाजूस असल्यास वायर पोहोचत नाही किंवा ताणून बसवल्यास घासून शॉर्टसर्किट होण्याचा धोका राहतो. मूळ बॅटरी सीलबंद असलेल्या गाडीत पारंपरिक बॅटरी बसवणे टाळले जाते, कारण अशा गाडीत बहुधा आम्लाची वाफ वाहून नेणारी नळी सोडण्याची सोय नसते आणि बॅटरी आडवी ठेवलेली असू शकते. काही जुन्या मोटारसायकली ६ व्होल्टच्या आहेत. त्यांना येथे वर्णन केलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरी चालत नाहीत.

शिशाची बॅटरी दुकानातही उतरत असते. त्यामुळे विक्री कमी असलेल्या लहान गावांत निर्मितीचा महिना पाहणे विशेष महत्त्वाचे असते. आधीच भरलेली सीलबंद बॅटरी खरेदीच्या वेळी १२.६ व्होल्टपेक्षा कमी दाखवत असेल, तर ती बराच काळ पडून असण्याची शक्यता असते.

कोरडी मिळणारी पारंपरिक बॅटरी आम्ल भरल्यावर लगेच गाडीत बसवू नये, असे निर्माते सांगतात. आम्ल पट्ट्यांत मुरण्यासाठी ती सुमारे अर्धा तास ठेवतात आणि नंतर क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या प्रवाहाने पहिला चार्ज देतात. ५ अँपिअर-तासांच्या बॅटरीस हा प्रवाह ०.५ अँपिअर होतो. पहिला चार्ज न देता बसवलेली बॅटरी पूर्ण क्षमतेपर्यंत पोहोचत नाही. चार्ज करताना झाकणे काढून खोली हवेशीर ठेवतात, कारण बाहेर पडणारा हायड्रोजन ठिणगीने पेट घेतो.

काढताना आधी ऋण व नंतर धन वायर सोडतात, तर बसवताना आधी धन व नंतर ऋण वायर जोडतात. या क्रमामुळे पाना चॅसिसला टेकला तरी शॉर्टसर्किट होत नाही. जुन्या टर्मिनलवरील भुकटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतात. पारंपरिक बॅटरीत हे पाणी घटात जाऊ नये म्हणून झाकणे घट्ट लावलेली असावी लागतात. टर्मिनल कोरडे करून नट आवळल्यावर त्यावर पेट्रोलियम जेलीचा पातळ लेप देतात. खाऱ्या हवेत हा लेप तिन्ही प्रकारांना आवश्यक असतो आणि पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर तो नव्याने द्यावा लागतो.

## दीर्घकाळ उभ्या वाहनातील देखभाल

गाडी दोन आठवड्यांहून अधिक काळ उभी राहणार असल्यास बॅटरी पूर्ण चार्ज करून ऋण वायर सोडतात आणि ती टर्मिनलला पुन्हा टेकणार नाही अशी गुंडाळून ठेवतात. यामुळे घड्याळाची वेळ पुसली जाते आणि काही गाड्यांत अलार्म व ट्रॅकर बंद पडतो. ट्रॅकर चालू ठेवणे आवश्यक असेल तर वायर सोडण्याचा पर्याय राहत नाही व बॅटरी दर महिन्याला चार्ज करावी लागते. पावसाळ्याचे चार महिने गाडी बंद राहणार असेल, तर बॅटरी काढून घरातील कोरड्या जागी ठेवणे श्रेयस्कर असते.

सोडून ठेवलेली पारंपरिक बॅटरी दर एक ते दीड महिन्याने आणि सीलबंद बॅटरी दर तीन महिन्यांनी चार्ज केल्यास सल्फेशन टळते. शिशाच्या कोणत्याही बॅटरीसाठी १२.४ व्होल्ट ही व्यवहारात वापरली जाणारी खूण आहे: मीटरवर त्याहून कमी आकडा दिसताच ती चार्ज करतात. पूर्ण उतरलेली बॅटरी गाडीला धक्का मारून सुरू करून प्रवासात चार्ज करण्याऐवजी बाहेरील चार्जरने संथपणे चार्ज केल्यास स्टेटर व रेग्युलेटर यांवर अतिरिक्त भार येत नाही.

## जुन्या बॅटरीची विल्हेवाट

शिसे व गंधकाम्ल दोन्ही विषारी व प्रदूषक आहेत. भारतात २००१ च्या बॅटरीविषयक नियमांच्या जागी २४ ऑगस्ट २०२२ पासून बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ लागू झाले. त्यांत शिसे-आम्ल बॅटरीसोबत लिथियम बॅटरीचाही समावेश आहे. ग्राहकाने वापरलेली बॅटरी घरगुती कचऱ्यात न टाकता संकलन किंवा पुनर्चक्रण करणाऱ्यांकडे पोहोचवणे अपेक्षित आहे. शिशाला भंगारमूल्य असल्याने विक्रेते जुनी शिसे-आम्ल बॅटरी परत घेऊन नवीच्या किमतीत सूट देतात, म्हणून किमतींची तुलना करताना ही सूट धरून उरणारी रक्कम पाहिली जाते. लिथियम बॅटरीसाठी अशी सूट सहसा मिळत नाही. फुगलेली लिथियम बॅटरी चार्ज न करता, छिद्र न पाडता व शिशाच्या बॅटरींच्या भंगारात न मिसळता स्वतंत्रपणे द्यावी लागते.